ड्रिल मशीन आणि पान्यांचे वस्तुचित्र : बिटचा पीळ, पकडीचा पोत आणि धातूची झीज कोणत्या क्रमाने काढावी

वर्कशॉपच्या बाकावर ठेवलेले ड्रिल मशीन आणि शेजारचे दोन-तीन पाने हा पेन्सिलीच्या वस्तुचित्रासाठी अनेक जण निवडतात असा विषय आहे, आणि त्यात ठरावीक तीन ठिकाणी चूक होते. ड्रिलचे बिट स्क्रूसारखे काढले जाते, रबरी पकडीचे ठिपके छटा देण्यापूर्वीच भरले जातात, आणि जुनेपणा दाखवण्यासाठी सगळ्या धातूवर सारखेच ओरखडे ओढले जातात. या तिन्ही चुका हाताच्या कौशल्याच्या नसून क्रमाच्या आणि निरीक्षणाच्या आहेत. त्यामुळे खाली दिलेला क्रम शक्यतो बदलू नये.

या लेखात एकच मांडणी धरून पुढे जायचे आहे : वायरवर चालणारे साधे ड्रिल मशीन, त्यात बसवलेले १० मिमी जाडीचे लोखंडात भोक पाडण्याचे बिट, आणि १०, १३ व १७ क्रमांकाचे तीन कॉम्बिनेशन पाने, म्हणजे एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला त्याच मापाची रिंग असलेले पाने. कागद हाफ इम्पिरियल, म्हणजे २२ × १५ इंच, आणि चित्र प्रत्यक्ष वस्तूंच्या आकाराइतके. लहान कागदावर बिटची जाडी चार-पाच मिलिमीटरवर येते आणि मग पीळ नीट काढायला जागाच उरत नाही.

टप्पा १ : वस्तू निवडणे आणि मांडणे

नवीकोरी हत्यारे या चित्रासाठी उपयोगाची नाहीत, कारण त्यांच्यावर झीज नसते आणि ती कल्पनेने काढली की खोटी दिसते. नागपुरात इतवारीच्या लोहाओळीत नवी हत्यारे मिळतात, परंतु वापरून गुळगुळीत झालेले पाने हवे असतील तर ओळखीच्या गॅरेजमधून किंवा हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या छोट्या कारखान्यातून दोन दिवसांसाठी मागून आणणे चांगले. आणल्यावर ते धुऊन-पुसून लख्ख करू नयेत. फक्त हाताला लागेल एवढे ओले ग्रीस कापडाने टिपून घ्यावे.

मशीनची वायर प्लगमधून काढलेली असावी आणि बिट बसवताना ते धरून ठेवणारा चक किल्लीने पूर्ण आवळावा. चक पूर्ण आवळला नाही, तर बिट किंचित तिरके राहते आणि तो तिरकेपणा चित्रात आपल्या चुकीसारखा दिसतो. चकची किल्ली चकमध्ये अडकवून ठेवू नये, ती बाकावर बाजूला ठेवावी. किल्ली अडकवलेली ठेवणे ही वर्कशॉपमधील धोकादायक सवय समजली जाते, आणि कोणत्याही फिटरची नजर चित्रात सर्वांत आधी तिथेच जाईल.

मशीन कुशीवर आडवे ठेवावे आणि बिट बाकाच्या पुढच्या कडेला समांतर राहील असे फिरवावे, टोक उजवीकडे. ही अट महत्त्वाची आहे, कारण बिट नजरेला आडवे असले की त्याची लांबी कमी झालेली दिसत नाही आणि पुढे दिलेली मापे जशीच्या तशी वापरता येतात. तिन्ही पाने मशीनच्या पुढे, थोडे पसरलेल्या बोटांसारखे ठेवावेत. ते एकमेकांना समांतर ठेवले तर चित्र दुकानातल्या पाकिटासारखे दिसते.

*तपासणी :* उभे राहून बाकाकडे साधारण ४५ अंशांच्या उतारातून पाहावे. बिटचे टोक, चकचे तोंड, मशीनची पकड आणि तिन्ही पान्यांची दोन्ही टोके एकाच वेळी दिसत नसतील, तर मांडणी बदलावी.

टप्पा २ : प्रकाश पक्का करणे

धातूच्या चित्रात प्रकाश हलला की सगळ्या चमका हलतात, म्हणून प्रकाश एकाच बाजूने आणि स्थिर हवा. चित्रकलेच्या वर्गात उत्तरेकडची खिडकी वापरा असे सांगितले जाते, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही. नागपूर मात्र सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे साधारण २६ मे रोजी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो मध्यान्हीही किंचित उत्तरेकडे असतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपे ऊन आत शिरते. म्हणून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उत्तरेच्या खिडकीवर विसंबायचे असेल, तर साधारण दहा ते दोन या वेळेतच बसावे किंवा खिडकीवर ट्रेसिंग पेपर चिकटवावा. रात्री काम करायचे असेल, तर डावीकडे एकच दिवा ठेवून छतावरची ट्यूबलाइट बंद करावी. दोन्ही चालू असतील, तर प्रत्येक पान्याखाली दोन सावल्या पडतात आणि क्रोमवर दोन-दोन चमका दिसतात.

टप्पा ३ : साहित्य

२एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी या पेन्सिली, ०.५ ची यांत्रिक पेन्सिल, मळून आकार देता येणारे पुटी रबर आणि शाई संपलेली बॉलपेनची रिफिल एवढे पुरते. रिकाम्या रिफिलचा उपयोग आठव्या टप्प्यात येईल, तिला कमी समजू नये. कागद जाड कार्ट्रिज असावा. मे महिन्यात तळहाताच्या घामाने छटा फासल्या जातात आणि पावसाळ्यात कागद मऊ पडतो, म्हणून हाताखाली कायम एक स्वच्छ कागद ठेवावा.

टप्पा ४ : अक्षरेषा आधी, कडा नंतर

पहिल्या अर्ध्या तासात एकही बाह्यरेषा पक्की करू नये. २एच पेन्सिलीने प्रथम मशीनच्या फिरण्याची अक्षरेषा काढावी. ही रेषा मशीनच्या पुढच्या भागातून, चकच्या मधून थेट बिटच्या टोकापर्यंत सरळ जाते. चक आणि बिट या दोघांचा मध्य याच एका रेषेवर असतो, कारण दोन्ही भाग एकाच रेषेभोवती फिरतात. मोटरची अक्षरेषा या रेषेला समांतर असते, पण मधल्या गिअरमुळे बहुधा थोडी बाजूला सरकलेली असते. बहुतेक चित्रांत मशीन वाकलेले दिसते त्याचे कारण हे, की चक आणि मोटर वेगवेगळे काढून नंतर जोडलेले असतात.

पकडीची अक्षरेषा वेगळी असते. ती या रेषेला काटकोनात नसून थोडी मागे झुकलेली असते. तो झुकाव प्रत्येक मशीनमध्ये वेगळा असल्याने पेन्सिल हवेत धरून मोजावा. नंतर प्रत्येक पान्याची दांड्याची अक्षरेषा काढावी आणि तिच्यावर दोन्ही टोकांचे मध्यबिंदू खुणेने दाखवावेत.

*इशारा :* या टप्प्यावर पकडीवरचे ठिपके, हवा जाण्याच्या फटी किंवा पान्यांवरचे आकडे काढण्याचा मोह होतो. ते आता काढले तर पुढच्या दुरुस्तीत सगळे खोडावे लागतील.

टप्पा ५ : बिट

सर्वाधिक वेळ इथे द्यावा. आधी बिट हातात घेऊन पाहावे. लोखंडासाठीच्या साध्या बिटवर दोन खाचा असतात, ज्यांना कारखान्यात फ्लूट म्हणतात. त्या दोन्ही खाचा अक्षाभोवती पिळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये दोन भरीव पट्टे उरतात. खाचांचा पीळ अक्षाशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो. स्क्रूचे आटे याच्या उलट अक्षाला जवळजवळ आडवे असतात. म्हणून बिटच्या रेषा लांबट आणि मोजक्या दिसतात, तर स्क्रूच्या जवळजवळ आणि असंख्य. चित्रात बिट आणि स्क्रू यांच्यातला फरक एवढाच असतो आणि तोच बहुधा हरवतो.

१० मिमी जाडीच्या नेहमीच्या बिटची एकूण लांबी १३३ मिमी आणि त्यातील खाचांचा भाग ८७ मिमी असतो. उरलेला ४६ मिमी गुळगुळीत दांडा म्हणजे शँक. चक नेहमी शँकच पकडतो, खाचांचा भाग पकडत नाही. चकच्या आत साधारण २५ मिमी शँक गेली असे धरले, तर चकच्या जबड्यांपुढे सुमारे २० मिमी गुळगुळीत दांडा दिसला पाहिजे आणि खाचा त्यानंतर सुरू झाल्या पाहिजेत. जबड्यातूनच पीळ सुरू झालेला दिसला की बिट चुकीचे बसवले आहे किंवा चुकीचे काढले आहे, एवढे निश्चित समजावे.

आता प्रत्यक्ष रचना. अक्षरेषेच्या वर ५ मिमी आणि खाली ५ मिमी अशा दोन समांतर रेषा ओढाव्यात. ३० अंशांच्या पिळाला एक पूर्ण फेरा घ्यायला जाडीच्या सुमारे साडेपाच पट, म्हणजे १० मिमीच्या बिटला ५४ मिमी लांबी लागते. खाचा दोन असल्यामुळे तीच आकृती दर २७ मिमीला पुन्हा दिसते. म्हणून जिथे खाचा सुरू होतात त्या बिंदूपासून वरच्या रेषेवर ०, २७, ५४ आणि ८१ मिमीवर खुणा कराव्यात, आणि खालच्या रेषेवर २७, ५४ आणि ८१ वर. वरची ० ची खूण खालच्या २७ च्या खुणेला जोडावी, वरची २७ ची खालच्या ५४ ला, आणि याप्रमाणे पुढे. ८७ मिमीच्या भागात असे तीन पूर्ण पट्टे आणि चौथ्याचा छोटा तुकडा येतो. आठ-दहा पट्टे येत असतील, तर आपण स्क्रू काढत आहोत.

जोडरेषा सरळ नसते. ती वरच्या कडेशी जवळजवळ समांतर निघते, मध्ये अक्षरेषा ओलांडताना ३० अंशांनी उतरते आणि खालच्या कडेशी पुन्हा तिच्याशी समांतर होते. म्हणजेच प्रत्येक रेषा लांबट, ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी असते. सरळ तिरक्या रेषांनी बिट काढले की ते चपट्या पट्टीवर मारलेल्या रेघांसारखे दिसते, गोल वाटत नाही.

यानंतर भरीव पट्ट्याची दुसरी कड काढायची. पट्टा अक्षाच्या दिशेने २७ पैकी साधारण १२ मिमी असतो आणि उरलेली जागा खाचेची. म्हणून पहिल्या वक्ररेषेपासून १२ मिमी उजवीकडे तशीच दुसरी वक्ररेषा काढावी आणि नंतर समोरचे बिट पाहून ती दुरुस्त करावी, कारण हे प्रमाण सगळ्या बिटांत एकसारखे नसते. जिथे खाच कडेला पोहोचते तिथे बिटची बाह्यरेषा थोडी आत जाते, म्हणून सुरुवातीच्या दोन समांतर रेषा आता त्या ठिकाणी पुसून टाकाव्यात. बाह्यरेषा शेवटपर्यंत सरळ ठेवणे ही इथली सर्वाधिक दिसणारी चूक आहे. पट्ट्याच्या एका कडेला जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची उंचावलेली पट्टी असते. तीच भोकाच्या भिंतीला घासते, म्हणून तिची जागा आत्ताच फिकट रेषेने राखून ठेवावी.

*तपासणी :* नेहमीचे बिट उजव्या पिळाचे असते. ते आडवे असताना समोरच्या बाजूच्या रेषा वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूकडे जातात, आणि बिट उभे धरले तर खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजव्या बाजूकडे. टोक डावीकडे असो वा उजवीकडे, यात फरक पडत नाही. रेषा उलट दिशेने जात असतील, तर सगळा पीळ पुसून पुन्हा काढावा, कारण हे नंतर छटांनी झाकता येत नाही.

टोक काढताना हात आपोआप पेन्सिलीसारखे अणकुचीदार टोक काढतो. प्रत्यक्षात सर्वसाधारण बिटच्या टोकाचा एकूण कोन ११८ अंश असतो, म्हणजे अक्षापासून प्रत्येक बाजूला ५९ अंश. या कोनात १० मिमीच्या बिटच्या टोकाची उंची केवळ ३ मिमी येते. ते बसके, रुंद छपरासारखे दिसते. अगदी शेवटी सुईसारखा बिंदूही नसतो, तर दोन्ही खाचांच्या मधला गाभा उरून तिथे छिन्नीसारखी दीड-एक मिलिमीटरची बोथट कड तयार झालेली असते.

बाकावर दुसरे बिट सुटे ठेवायचे असेल, तर भिंतीत भोक पाडण्याचे बिट घ्यावे. त्याच्या टोकाला खाच पाडून कार्बाइडचा वेगळा तुकडा बसवलेला असतो आणि तो दांड्यापेक्षा किंचित रुंद असतो. हा रुंदावा न काढता दोन्ही बिटांची टोके सारखी काढली, तर दोन बिटे ठेवण्यात काही अर्थ राहत नाही.

टप्पा ६ : चक

चकला तीन जबडे असतात आणि ते १२० अंशांवर बसतात. आडव्या मशीनमध्ये त्यातील दोन स्पष्ट आणि तिसरा थोडासा, किंवा एकच समोर आणि दोन कडेला, असे दिसतात. चारी बाजूंनी समसमान चार जबडे कधीच दिसत नाहीत. किल्लीच्या चकवर बाहेरच्या नळीच्या पुढच्या कडेला दातेरी पट्टा असतो. हे दाते मध्यभागी रुंद आणि वर-खालच्या कडांकडे जाताना अरुंद व दाट होत जातात. सगळे दाते सारख्या अंतरावर काढले तर चक चपटा होतो. किल्ली बसवण्याची भोके तीन असली, तरी समोरून एक किंवा दोनच दिसतात, आणि कडेजवळचे भोक गोल न दिसता अरुंद लंबगोल दिसते.

टप्पा ७ : पाने

पान्यावर लिहिलेला आकडा हा नटच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर असतो, म्हणून १३ च्या पान्याच्या उघड्या तोंडाची फट १३ मिमी असते. त्या टोकाची बाहेरची रुंदी फटीच्या दुपटीहून थोडी जास्त असते. रिंगचे टोक त्यापेक्षा बरेच लहान असते. दोन्ही टोके एकाच रुंदीची काढली की पाना डंबेलसारखा दिसतो.

फटीच्या दोन्ही आतल्या बाजू एकमेकींना नेमक्या समांतर असतात, आणि फट दांड्याच्या सरळ रेषेत नसून सुमारे १५ अंश एका बाजूला वळलेली असते. अडचणीच्या जागी पाना पलटून पुन्हा पकडता यावा, यासाठी हा कोन ठेवलेला असतो. फट दांड्याच्या सरळ रेषेत काढणे ही पान्यांच्या चित्रातील पहिली चूक, आणि कोन लक्षात ठेवून तो सगळ्या पान्यांना कोनमापकाने १५ अंश देणे ही दुसरी. बाक तिरक्या नजरेने पाहिल्यावर खोली दबलेली दिसते, आणि कोनही त्याप्रमाणे बदलतो. ४५ अंशांच्या उतारातून पाहिले असता दांडा आपल्याकडे रोखलेला असलेल्या पान्यात तोच कोन कागदावर सुमारे २१ अंश होतो, तर आडव्या ठेवलेल्या पान्यात सुमारे ११ अंश. म्हणून प्रत्येक पान्यात दांड्याची दिशा आणि फटीची दिशा पेन्सिल हवेत धरून स्वतंत्रपणे घ्यावी.

रिंगच्या आत बहुधा बारा कोपरे असतात. एकमेकांवर ३० अंशांनी फिरवून ठेवलेले दोन षटकोन अशी ती आकृती असते. लंबगोलात बारा टोके अंदाजाने ठेवण्यापेक्षा आधी हलका लंबगोल काढून त्यावर घड्याळाच्या तासांप्रमाणे बारा खुणा कराव्यात. जवळच्या आणि दूरच्या कडेला नेमके काय होते ते समोर पाहूनच ठरवावे.

टप्पा ८ : उजळ ओरखडे, छटेच्या आधी

झीज सर्वांत शेवटी काढायची असते, पण उजळ ओरखडे याला अपवाद आहेत. पेन्सिलीची गडद छटा दिल्यानंतर रबराने तितकी बारीक पांढरी रेघ मागे आणता येत नाही. म्हणून रिकाम्या रिफिलने कागदावर आत्ताच दाबून रेघा ओढाव्यात. नंतर पेन्सिल वरून गेली की त्या चरात शिसे पोहोचत नाही आणि रेघा आपोआप उजळ उरतात. मशीनच्या रंगवलेल्या किंवा गडद प्लास्टिकच्या भागावर घासल्याच्या खुणा अशाच काढाव्यात. शँकवरच्या खुणा वेगळ्या असतात. बिट चकमध्ये सटकून फिरले की शँकला वेढणाऱ्या आडव्या वर्तुळाकार रेघा पडतात, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या नव्हेत. त्या चकच्या जबड्यांजवळच असाव्यात.

*इशारा :* या रेघा मोजक्याच ठेवाव्यात. दाबलेली रेघ परत काढता येत नाही आणि एका भागावर दहा-बारापेक्षा जास्त झाल्या तर सगळा पृष्ठभाग खरखरीत दिसतो.

टप्पा ९ : छटा, पदार्थाप्रमाणे

रबर, प्लास्टिक आणि क्रोम हे एकाच गडदपणाचे असले, तरी एकाच पद्धतीने रंगवता येत नाहीत. रबरी पकड प्रकाश पसरवते, म्हणून तिच्यात उजेडाकडून अंधाराकडे जाणारा बदल संथ असतो आणि पांढरी चमक जवळजवळ नसते. एचबी ते ४बी या पट्ट्यातच राहावे. मशीनच्या प्लास्टिकवर एखादी मऊ चमक असते. क्रोमच्या पान्यावर मात्र छटा पान्याच्या गोलाईने ठरत नाही, तर आसपासच्या वस्तूंच्या प्रतिबिंबाने ठरते. खिडकी जिथे दिसते तिथे कोरा कागद, आणि त्याच्या लगेच शेजारी बाकाचे किंवा आपल्या कपड्यांचे जवळजवळ काळे प्रतिबिंब. या दोहोंतील सीमा कडक असते. क्रोमवर बोटाने किंवा कागदी नळीने छटा घासून मऊ केली, की तो शिशासारखा मळकट होतो.

काळसर बिटमध्ये खाचांची आतली बाजू सर्वांत गडद ठेवावी. राखून ठेवलेली मिलिमीटरभर रुंदीची पट्टी मात्र टोकाजवळ उजळ ठेवावी, कारण तिथला काळा थर लोखंडात घासून निघून गेलेला असतो. शँककडे जाताना ती पट्टी हळूहळू काळी होत जाते, कारण बिटचा तो भाग फारसा भोकात उतरत नाही.

टप्पा १० : पकडीचा पोत

आता, आणि आताच, पकडीवरचे ठिपके किंवा जाळी काढावी. जाळी सपाट कागदावर ओढल्यासारखी न काढता पकडीच्या गोलाईवरून वळवावी. मध्यभागी चौकोन पूर्ण दिसतात, कडेला ते दबून अरुंद होतात. संपूर्ण पकड जाळीने भरू नये. पोत सर्वांत ठळक दिसतो तो उजेड आणि सावली यांच्या सीमेवरच्या पट्ट्यात, जिथे तिरपा प्रकाश प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळतो आणि दुसरी काळी करतो. पूर्ण उजेडात तो पुसट होतो आणि गडद सावलीत हरवतो. ०.५ च्या पेन्सिलीने प्रत्येक उंचवट्याची फक्त सावलीची बाजू काढली तरी पुरते, उजेडाची बाजू कागदच दाखवतो.

वापरलेल्या पकडीवर हा पोत सगळीकडे सारखा उरलेला नसतो. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका जिथे टेकतो ती वरची मागची बाजू आणि ट्रिगरची पुढची बाजू गुळगुळीत होऊन किंचित चमकू लागते. तिथे उंचवटे झिजून मावळत जातात. त्याच वेळी जवळच्या खोल खाचांत ग्रीस आणि लोखंडाचा कीस साचून त्या मूळ रबरापेक्षाही काळ्या दिसतात. झिजलेल्या भागात ठिपके अचानक न थांबवता दोन-तीन ओळींत फिके करत न्यावेत.

*तपासणी :* चित्र दोन मीटरवरून पाहावे. पकड मशीनपासून वेगळी, वरून चिकटवल्यासारखी दिसत असेल, तर पोत जास्त झाला आहे. पुटी रबर नुसते दाबून उचलावे, घासू नये.

टप्पा ११ : गडद झीज आणि गंज

प्रत्येक खुणेबाबत एकच प्रश्न विचारावा : इथे नेमके काय लागले असेल? पान्याच्या उघड्या तोंडात नट आतल्या दोन बाजूंना आणि विशेषतः टोकांच्या कोपऱ्यांना लागतो, म्हणून क्रोम तिथून आधी जातो आणि कोपरे किंचित गोल होतात. बाहेरच्या कडेवर पडण्या-आपटण्याचे ठोके असतात. दांड्याच्या मधल्या भागाला हाताशिवाय फारसे काही लागत नाही. तिथे ओरखड्यांची जाळी काढली तर ती लगेच बनावट वाटते. चकवर झीज किल्लीच्या भोकांच्या कडांना आणि दात्यांच्या टोकांना असते, कारण किल्ली तिथे घसरते.

गंज घासल्या जाणाऱ्या भागावर बसत नाही. जिथे ओल टिकते आणि हात फिरत नाही अशा जागी तो दिसतो, जसे पान्यावर कोरलेल्या आकड्यांच्या आत, रिंगच्या कोपऱ्यांत, किंवा उडालेल्या क्रोमच्या कडेला. पेन्सिलीत तो लहान, अनियमित, बोथट ठिपक्यांनी काढावा. त्याला चमक अजिबात देऊ नये. १३ चा पाना १० आणि १७ पेक्षा जास्त झिजलेला असेल, तर तसाच ठेवावा. आठ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो लागतो आणि गॅरेजमध्ये तो बोल्ट सतत येतो.

टप्पा १२ : बाक आणि सावल्या

बाकाच्या लाकडाला फारसा वेळ देऊ नये. तिथे लाकडाच्या रेषा दिशा दाखवण्यापुरत्या आणि तेलाचा एखादा डाग एवढे पुरते, कारण बाक तपशिलांनी भरला तर हत्यारे मागे पडतात. सावली मात्र टाळता येत नाही. पाना बाकाला टेकतो त्या ठिकाणी ६बी ची अगदी अरुंद, काळी रेघ असावी आणि वस्तूपासून दूर जाताना सावली फिकी व मऊ होत जावी. पान्याचे टोक दांड्यापेक्षा जाड असल्याने दांडा बाकापासून किंचित वर राहतो. त्यामुळे दांड्याच्या खाली सावली आणि दांडा यांच्यात उजेडाची बारीक फट दिसते. ती फट भरून टाकली की पाना बाकात रुतलेला वाटतो. बिटची सावलीही बाकाला चिकटलेली नसते, कारण चक बिटपेक्षा जाड असल्याने बिट अधांतरी राहते. तिची कड चकच्या सावलीपेक्षा मऊ काढावी, आणि पिळामुळे आत-बाहेर होणारी बिटची बाह्यरेषा त्या सावलीत दाखवण्याच्या फंदात पडू नये, कारण एवढ्या अंतरावर ती मिसळून जाते.

छटा पूर्ण झाल्यावर कागद आरशासमोर धरून अक्षरेषा पुन्हा एकदा पाहावी. चक आणि बिट एका रेषेत नसतील किंवा मोटर त्या रेषेला समांतर नसेल, तर ते आरशात लगेच लक्षात येते. त्यानंतर फिक्सेटिव्हचे दोन हलके थर, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि वर बटर पेपर.